इन्स्टाग्रामवर अभंगाच्या रीलसोबतची चित्र-पोस्ट: माझा अनुभव

रीलमध्ये ‘सुंदर ते ध्यान’ आहे म्हणून अख्खा अभंग चित्रात कोंबला की अक्षरं मुंगीएवढी होतात आणि कोणी वाचत नाही. एकच चरण घ्यायचा, तोही रीलमध्ये स्पष्ट ऐकू येणारा आणि पुढच्या ओळीशिवाय अर्थ लागणारा:

सुंदर ते ध्यान उभे विटेवरी ।
कर कटावरी ठेवोनियां ॥

चित्र १०८० बाय १३५० पिक्सेल. प्रोफाइलच्या जाळीत कडा कापल्या जातात, म्हणून मजकूर डावी-उजवीकडे १२० आणि वर-खाली १५० पिक्सेल आत ठेवावा. ओळ हाताने तोडावी, दंडाजवळच. ॲपवर सोडलं तर ‘विटेवरी’ एकटंच खाली पडतं.

खरी गोची अक्षरांची. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवलेलं असतं. त्याने शिरोरेषा तुटते आणि ‘सुंदर’ तीन तुकड्यांत दिसतं. ते अंतर शून्य करावं. ओळींमधलं अंतर १.५ पट, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. दंडासाठी मराठी कीबोर्डवरचा ‘।’ घ्यावा, इंग्रजी कीबोर्डवरची उभी रेघ नको. ती लांबीला वेगळी दिसते.

चित्रावर चरणाखाली फक्त ‘संत तुकाराम’, लहान अक्षरांत. कॅप्शनमध्ये चरण पुन्हा नको, पहिल्याच ओळीत अर्थ द्यावा, कारण बाकीचं ‘आणखी’च्या मागे दडतं:

“कमरेवर हात ठेवून विटेवर उभं असलेलं विठ्ठलाचं सुंदर रूप. पूर्ण अभंग प्रोफाइलवरच्या रीलमध्ये.”

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, ती टाकूच नये. हॅशटॅग तीन-चार, सगळ्यात शेवटी.