सिगारेट सोडताना या चुका टाळा : जुन्या रुग्णाला डॉक्टरांचे पत्र

सप्रेम नमस्कार,

गेल्या भेटीत निघता निघता तुम्ही म्हणालात, "डॉक्टर, आधीही सोडून पाहिली, पण माझ्यात तेवढा निश्चयच नाही." त्याला घाईत उत्तर देणे मला बरे वाटले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तुमच्या मागच्या प्रयत्नाची हकिकत मी तुमच्या कागदांत नोंदवून ठेवली होती, आणि ती पुन्हा वाचताना मला निश्चयाचा अभाव कुठेही दिसला नाही. मला दिसली ती औषधाची अपुरी मात्रा, ते घेण्याची चुकलेली पद्धत आणि चौथ्या दिवशी ओढल्या गेलेल्या एका सिगारेटचा तुम्ही लावलेला अर्थ. तिन्ही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

आधी मात्रेचे पाहू. तुम्ही दिवसाला २० सिगारेटी ओढता आणि त्यांतली पहिली जाग आल्यावर दहा मिनिटांच्या आत पेटते. किती ओढता याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पहिली कधी ओढता हे मला महत्त्वाचे वाटते, कारण झोपेत शरीरातील निकोटीन उतरत जाते आणि उठल्याबरोबर सिगारेट लागणे म्हणजे मेंदूला ती उणीव सहन होत नाही असा अर्थ होतो. एका सिगारेटमधून साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपास निकोटीन रक्तात जाते, म्हणजे तुमच्या शरीराला रोज निदान २० मिलिग्रॅमची सवय आहे. मागच्या वेळी तुम्ही २ मिलिग्रॅमचे निकोटीन गम दिवसाला चार-पाच घेत होतात. अशा एका गममधले, तो व्यवस्थित चघळला तरी, जेमतेम निम्मे निकोटीन रक्तात पोहोचते. वीसची सवय असलेल्या शरीराला चार-पाच मिळाले, तर चिडचिड होणे, हातातल्या कामावर लक्ष न लागणे आणि रात्री तीनला जाग येणे हे सगळे ओघाने आलेच. तो तुमचा स्वभाव नव्हता, ती निकोटीनची तूट होती.

गम कमी घेण्यामागे तुमच्या मनात एक शंका होती, ती रास्त आहे. सिगारेटऐवजी गम घेतला तर एक व्यसन जाऊन दुसरे येणार नाही का, असे तुम्ही विचारले होते. निकोटीनमुळे सवय जडते हे खरे. पण फुप्फुसांची हानी, कर्करोग आणि हृदयविकार यांचा मुख्य भार धुरातील डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि जळताना तयार होणाऱ्या इतर द्रव्यांवर आहे. शिवाय झुरक्यातले निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि तो तडाखाच तलफ पक्की करतो, तर गम आणि त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी म्हणजे पॅच, यांतून ते इतक्या सावकाश येते की तूट भरून निघते, पण तसा तडाखा बसत नाही. म्हणून औषध हात राखून घेणे हा या प्रवासातला सर्वांत महागात पडणारा संयम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या वेळी आपण दोन गोष्टी एकत्र वापरू. सोडण्याच्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर २१ मिलिग्रॅमचा पॅच दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर लावायचा आणि तळहाताने दहा सेकंद दाबून धरायचा. दुसऱ्या दिवशी जागा बदलायची. जागा तीच ठेवली तर त्वचा लाल होऊन खाजते आणि लोक पॅच सोडून देतात. पॅचचा परिणाम जाणवायला काही तास लागतात, आणि तुमची सर्वांत कठीण वेळ तर सकाळची आहे. म्हणून पॅच लावल्यानंतर लगेच ४ मिलिग्रॅमचा एक गम घ्यायचा. दिवसभरात जेव्हा तलफ येण्याची वेळ होईल, तेव्हा तलफ येण्याच्या थोडे आधीच पुढचा गम घ्यायचा. नुसता पॅच किंवा नुसता गम यांपेक्षा दोन्ही मिळून सिगारेट सुटण्याची शक्यता अधिक असते. मळमळ, चक्कर, थंड घाम किंवा छातीत धडधड जाणवली, तर मात्रा जास्त होत आहे असे समजून गम थांबवा आणि मला फोन करा.

गमबाबत तुमची तक्रार होती की त्याने उचक्या लागतात, घशाशी जळजळते आणि उपयोग तर काहीच होत नाही. या तिन्ही लक्षणांचे कारण एकच होते. तो गम साध्या च्युइंगमसारखा सतत चावला की निकोटीन लाळेत मिसळून पोटात जाते. तिथे ते जळजळ आणि उचकी निर्माण करते आणि रक्तात फारच थोडे पोहोचते, कारण निकोटीन शोषले जाते ते गालाच्या आतल्या अस्तरातून. म्हणून गम तोंडात टाकल्यावर सावकाश, मोजके चावे घ्या. थोड्या वेळात तिखटसर चव येईल किंवा जीभ चुरचुरेल. तसे झाले की चावणे थांबवून तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्या. चुरचुर ओसरली की पुन्हा दोन-चार चावे घ्या आणि या वेळी दुसऱ्या गालात ठेवा. असे अर्धा तास चालते. गम घेण्याच्या आधी पाव तास आणि तो तोंडात असेपर्यंत पाण्याखेरीज काही पिऊ नका. कॉफी, फळांचा रस किंवा सोडा यांच्यामुळे तोंडात आम्लता वाढते आणि निकोटीन गालातून आत जातच नाही. तुम्ही कॉफीच्या घोटाबरोबर गम चावत होतात, हे आठवत असेल.

कॉफीचा आणखी एक संबंध आहे, तो फार कमी लोकांना सांगितला जातो. धुरातील काही द्रव्यांमुळे यकृत कॅफिनचा निचरा झपाट्याने करत असते. धूर थांबला की काही दिवसांत हा वेग मंदावतो आणि नेहमीच्याच कपांमधून रक्तात बरेच जास्त कॅफिन साठते. परिणामी हात थरथरतात, झोप उडते, जीव घाबरा होतो, आणि माणूस हे सारे सिगारेट सोडल्याच्या खात्यावर टाकतो. सोडण्याच्या दिवसापासून कॉफी निम्मी करा आणि दुपारनंतर घेऊच नका. तरीही झोप लागत नसेल किंवा फार ठळक स्वप्ने पडत असतील, तर पॅच झोपताना काढून ठेवा. काही औषधांचे प्रमाणही याच कारणाने बदलावे लागते. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीबाबत तो प्रश्न नाही. पण दम्यासाठी थिओफायलिन, रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा मनोविकारासाठी क्लोझापिन घेणाऱ्यांनी सिगारेट सोडण्याआधी आपल्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

तुम्ही म्हणालात की या वेळी एकदम न सोडता वीसवरून दहावर याल आणि मग पाहाल. कमी करत जाण्याला माझी हरकत नाही, पण त्यात एक फसवणूक दडलेली असते. सिगारेटी निम्म्या केल्या की माणूस नकळत प्रत्येक झुरका लांब आणि खोल घेतो, धूर छातीत जास्त वेळ धरतो आणि थोटूक बोटांना चटका बसेपर्यंत ओढतो. दहामधून पूर्वीच्या निम्म्याहून बरेच जास्त निकोटीन आणि त्याबरोबरचा धूरही आत जातो. अर्धवट विझवलेले थोटूक नंतरसाठी जपून ठेवले जाऊ लागले, की हे घडते आहे असे ओळखावे. कमी करायचेच असेल तर दोन अटी पाळा. शेवटची तारीख आजच ठरवा आणि गाळलेल्या सिगारेटीच्या जागी गम घ्या. तोवर एक आठवडा पाकिटालाच कागद गुंडाळून प्रत्येक सिगारेटची वेळ आणि ती किती हवीशी वाटली याला एक ते तीन गुण लिहा. तुमच्यासारख्यांच्या नोंदींत सहसा सकाळच्या, जेवणानंतरच्या आणि एखाद्या अवघड फोननंतरच्या सिगारेटींपुढे तीन गुण दिसतात, तर बऱ्याचशा केवळ हाताच्या सवयीने पेटलेल्या असतात. आधी एक गुणवाल्या गाळा; तीन गुणवाल्यांसाठी गम राखून ठेवा.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास निवळतो. एकेक तलफ मात्र काही मिनिटांपुरतीच असते. खोकला सुरुवातीला वाढला तर घाबरू नका, कारण श्वासनलिकेतील धुराने मंदावलेले सूक्ष्म केस पुन्हा कफ वर ढकलू लागलेले असतात. थुंकीत रक्त दिसले किंवा ताप आला तर मात्र लगेच दाखवा.

आता ती चौथ्या दिवसाची सिगारेट. एका समारंभात मद्याचा पेला हाती असताना ती ओढली गेली, रात्री तुम्ही "संपले सगळे" म्हणून गम फेकून दिलेत आणि दुसऱ्या दिवशी पाकीट आणलेत. माझ्या दृष्टीने चूक ती सिगारेट नव्हती, गम फेकून देणे ही होती. घसरण झालीच तर पॅच अंगावर तसाच राहू द्या. पॅच लावलेला असताना एखादी सिगारेट ओढली तर हृदयाचा झटका येतो ही भीती सर्वत्र ऐकू येते, पण ती खरी नाही. उरलेले पाकीट नष्ट करा, पुढचा गम वेळेवर घ्या आणि ती कधी, कुठे, कोणाबरोबर ओढली हे लिहून ठेवा. पहिला महिनाभर मद्य टाळलेत तर घसरण्याची सर्वांत मोठी जागा आपोआप बंद होते.

शेवटची चूक बरे वाटू लागल्यावर होते. तिसऱ्या आठवड्यात तलफ कमी झाली म्हणून पॅच बंद केला जातो, आणि खरे तर ती कमी झालेली असते ती पॅचमुळेच. २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, १४ चा दोन आणि ७ चा दोन आठवडे, असा क्रम पूर्ण करायचा आहे. गम त्यानंतर हळूहळू कमी करू. एवढे करूनही जमले नाही, तर व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी आहे. ती सोडण्याच्या तारखेच्या एक आठवडा आधी सुरू करावी लागते, म्हणून तो निर्णय वेळेवर घेऊ.

तुमचे वय ५२ आहे, आणि या वयात सोडून काय उपयोग असेही तुम्ही विचारले होते. ब्रिटिश डॉक्टरांवर ५० वर्षे चाललेल्या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यात पन्नाशीच्या सुमारास सोडणाऱ्यांचे आयुर्मान ओढत राहणाऱ्यांपेक्षा साधारण सहा वर्षांनी अधिक आढळले.

पुढच्या भेटीला येताना तो पाकिटाचा कागद घेऊन या, तुम्हाला सोयीची एक तारीख ठरवून या, आणि गमचे एक पाकीट न उघडता आणा. पहिला गम माझ्यासमोर चघळा, म्हणजे तो गालात केव्हा ठेवायचा ते तिथेच पाहता येईल.

आपला,
डॉक्टर