स्प्रिंग एअर रायफल आणि पीसीपी: एकीची सवय दुसरीवर चालवू नका

एअर रायफल 'बिघडली' म्हणून जी तक्रार येते, तिच्यात बऱ्याचदा बिघाड रायफलीत नसतो. स्प्रिंगवर हात बसलेला माणूस पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल, घेतो किंवा पीसीपीवर शिकलेला माणूस घरच्या सरावासाठी स्प्रिंग रायफल आणतो आणि जुनी सवय तशीच पुढे चालवतो. दोन्हीतून तोच ४.५ मिमीचा छर्रा सुटतो, पण त्यामागची हवा अगदी वेगळ्या रीतीने तयार होते. खालच्या चुका त्या फरकातूनच होतात.

खरेदीआधी एक गोष्ट तपासा. भारतात ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूल ऊर्जेपर्यंतच्या एअर रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही, त्यापुढे गेलात की लागतो. १० मीटरच्या छंदासाठी ८-१० ज्यूल पुरतात. 'जास्त पॉवर' म्हणून विकली जाणारी रायफल इथे कामाची नाही.

चूक: स्प्रिंग रायफल घट्ट धरणे

ट्रिगर दाबला की दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटते आणि जड पिस्टन पुढे धावतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून रायफल मागे सरकते. पिस्टन सिलिंडरच्या तोंडाशी पोचतो, तिथे दाबल्या गेलेल्या हवेवर आपटून थांबतो आणि त्या क्षणी रायफल पुढे खेचली जाते. म्हणजे धक्का दोन दिशांचा असतो आणि त्याचा बराचसा भाग छर्रा बॅरलमध्ये असतानाच होऊन जातो. पीसीपीत फक्त एक छोटा हॅमर व्हॉल्व्हवर आदळतो. आधीच भरून ठेवलेली हवा क्षणभर सुटते आणि खांद्याला जेमतेम जाणवते.

म्हणून पीसीपी खांद्यात दाबून, बायपॉडवर टेकवून, हवी तशी धरली तरी चालते. स्प्रिंग रायफलीला मात्र दर वेळी सारखीच हलायला मोकळीक लागते. पुढचा हात उघड्या तळव्याने, ट्रिगर गार्डच्या थोडा पुढे, तोल जिथे येतो तिथे ठेवा. बोटे मिटू नका. दस्ता खांद्याला नुसता टेकवा आणि मागच्या हाताची पकड हस्तांदोलनाएवढीच ठेवा. तळवा कुठे येतो तिथे दस्त्यावर टेपची एक पट्टी लावा, कारण तो दोन सेंटिमीटर पुढे-मागे झाला तरी ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा छर्‍यांच्या खुणांचा पुंजका, सरकतो.

हे पडताळायला सोपे आहे. समजा १० मीटरवर हातात धरून मारलेल्या पाच छर्‍यांचा ग्रुप रुपयाच्या नाण्याएवढा येतो. तीच रायफल वाळूच्या कडक पिशवीवर थेट टेकवली की तो दुप्पट पसरतो, शिवाय सगळाच्या सगळा वर चढतो. अशा वेळी साइट फिरवायला घेऊ नका. पिशवीवर आधी आपला तळवा ठेवा आणि तळव्यावर रायफल. ग्रुप परत जागेवर आला, तर रायफल ठीक आहे आणि दोष टेकूचा होता.

हा धक्का आवरता येतो हे जुन्या मॅच रायफलींनी दाखवले होते. फाइनवेर्कबाऊच्या ३०० मालिकेत बॅरल आणि सिलिंडर दस्त्यातल्या रुळांवर मागे सरकत, त्यामुळे नेमबाजाला धक्का जाणवत नसे. अशी रायफल जुन्या बाजारात चांगल्या अवस्थेत मिळाली, तर स्वस्त पीसीपीपेक्षा ती घ्यावी, असे आमचे मत आहे.

चूक: ग्रुप फाटला की थेट स्कोपला दोष देणे

स्प्रिंग रायफलीत तपासणीचा क्रम ठरलेला ठेवा. आधी दस्त्याचे स्क्रू पाहा: पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डचे. दोन दिशांच्या धक्क्याने ते हळूहळू ढिले होतात आणि बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो. नंतर ब्रेक बॅरल रायफल असेल तर बॅरल मिटल्यावर बाजूला हलते का पाहा. मग ब्रीच सील तपासा: सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी धरून एक छर्रा मारा, पट्टी फडफडली तर हवा गळते आहे.

स्कोप शेवटी. मात्र तो स्प्रिंग रायफलीसाठी बनवलेला आहे का, हे पेटीवर वाचून घ्या. फायरआर्मचा स्कोप फक्त मागे जाणारा धक्का सोसायला बनवलेला असतो. पुढचा झटका बसला की त्याची आतली भिंगे किंवा क्रॉसहेअर सुटू शकते. माउंटही रेलवरून हळूहळू मागे सरकतो. म्हणून एकसंध माउंट आणि त्याला रेलच्या भोकात बसणारी स्टॉप पिन हवीच. माउंटच्या मागच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून ठेवा. आठवड्याने रेघ झाकली गेलेली दिसली, तर उत्तर मिळाले. पीसीपीवर यातले काहीच सहसा होत नाही.

चूक: स्प्रिंग रायफल रिकामी चालवणे, ताणून ठेवणे

पिस्टनला थांबवणारी हवेची गादी छर्रा बॅरलमध्ये अडून बसल्यामुळे तयार होते. छर्रा नसेल तर ती गादी नसते, पिस्टन सरळ धातूवर आपटतो आणि त्याचे सील व स्प्रिंग दोन्ही खराब होतात. अतिशय हलका छर्रा मारला तरी थोड्या प्रमाणात हेच घडते. घरगुती ताकदीच्या रायफलीला ७ ते ८.५ ग्रेनचे छर्रे बरे. ट्रिगरचा कोरडा सराव करायचा असेल तर तो पीसीपीवर, तोही मॅन्युअल परवानगी देत असेल तरच. मॅच पीसीपींत त्यासाठी वेगळी सोय असते. ताणलेली स्प्रिंग रायफल गप्पा मारताना तशीच ठेवली तर स्प्रिंग हळूहळू बसते. ब्रेक बॅरल रायफलीत छर्रा भरताना दुसऱ्या हाताने बॅरल घट्ट धरून ठेवा. ट्रिगरचा खाच सुटला तर ते बोटांवर मिटते.

चूक: पीसीपीत दर वेळी पूर्ण दाब भरणे

सातत्याच्या बाबतीत पीसीपी पुढे आहे, हे खरे. पण ते रेग्युलेटर असलेल्या पीसीपीबद्दल. रेग्युलेटर नसलेल्या रायफलीत सिलिंडरचा दाब थेट व्हॉल्व्हवर येतो. दाब फार असला की हॅमर व्हॉल्व्हला पुरेसा उघडू शकत नाही, आणि पहिले छर्रे हळू जातात. दाब उतरत गेला की वेग वाढतो, काही काळ स्थिर राहतो, नंतर पडतो. कामाचा भाग तो मधलाच. तो शोधायला क्रोनोग्राफ हवा: पूर्ण भरून प्रत्येक छर्‍याचा वेग आणि गेजवरचा दाब लिहा. समजा वेग १८० बारला स्थिर झाला आणि ११० बारनंतर ढासळला, तर १८० लाच भरणे थांबवा आणि ११० ला परत भरा.

याने फरक किती पडतो? १७५ मीटर प्रतिसेकंद वेगाचा छर्रा १० मीटरवर सुमारे १६ मिमी खाली येतो, १६५ च्या वेगाने सुमारे १८ मिमी. म्हणजे २ मिमी, १० मीटरच्या टार्गेटवर जवळपास एक रिंग. २५ मीटरवर हाच फरक सेंटिमीटरपुढे जातो. तेव्हा १० मीटरवर ग्रुप आडवा पसरत असेल तर क्रोनोग्राफकडे नव्हे, ट्रिगरवरच्या बोटाकडे पाहा. ग्रुप वर-खाली लांबत असेल आणि आकड्यांतही वेग घसरत असेल, तरच हवेचा विचार करा.

गळतीची शंका आली तर दाब लिहून रायफल चोवीस तास ठेवा. रात्री खोलीचे तापमान १० अंशांनी उतरले तर २०० बारचे १९३ च्या आसपास होतात, ती गळती नव्हे. त्याहून जास्त पडले तर भरण्याच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे दिसले की ओ-रिंग बदलायची, पण आधी दाब पूर्ण शून्य करूनच.

चूक: तेल

यात हयगय नको. स्प्रिंग रायफलीच्या कॉम्प्रेशन चेंबरमध्ये शिलाई मशिनचे तेल गेले की दाबाने तापलेल्या हवेत ते पेटते: धूर येतो, मोठा आवाज होतो, वेग भलताच वाढतो, सील जळते. नव्या रायफलीत कारखान्याच्या ग्रीसमुळे सुरुवातीला थोडा धूर येतो, तो चालतो. पीसीपीत तेच तेल जास्त घातक ठरते, कारण दाब २०० बारचा असतो. ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही पुसटसे. सिलिंडर कोरड्या हवेनेच भरा. ऑक्सिजनने कधीही, कुठल्याही कारणाने भरू नका.

चूक: आवाज चुकीच्या जागी शोधणे

स्प्रिंग रायफलीचा आवाज गालाजवळ होतो: पिस्टनची आदळ आणि स्प्रिंगची झणझण. म्हणून मारणाऱ्याला तो मोठा वाटतो, शेजाऱ्याला तितका नाही. पीसीपीचा आवाज बॅरलच्या तोंडाशी फुटतो, आणि तो शेजाऱ्यापर्यंत जातो. हॅमर स्प्रिंग आवळून पॉवर वाढवायला गेलात, तर एका मर्यादेनंतर वेग वाढत नाही. छर्रा निघून गेल्यावरही हवा सुटत राहते आणि फक्त आवाज व हवेचा खर्च वाढतो.

फ्लॅटमध्ये तक्रार येते ती बहुधा रायफलीच्या आवाजाची नसते. छर्रा लोखंडी ट्रॅपवर आपटतो तो टणत्कार भिंतीतून वरच्या मजल्यावर जातो. ट्रॅपमध्ये डक्ट सीलचा जाड थर किंवा रबरी तुकडे भरा आणि ट्रॅप भिंतीला न टेकवता रबरी चटईवर ठेवा. ट्रॅपमागे पक्की भिंत हवी, दार किंवा खिडकी नको.

चूक: फक्त रायफलीची किंमत धरणे

स्प्रिंग रायफलीचा पुढचा खर्च म्हणजे काही वर्षांनी स्प्रिंग, पिस्टन सील आणि ब्रीच सील. पीसीपीला हवेचा स्रोतही लागतो. हातपंप स्वस्त, पण घाम काढतो आणि तापतो. दर चार-पाच मिनिटांनी थांबून थंड होऊ द्या आणि साचलेले पाणी बाहेर सोडा, नाहीतर ओलावा रायफलीत जाऊन व्हॉल्व्हला गंज धरतो.

मोठा सिलिंडर घेताना आधी हिशेब करा. रायफलीचा सिलिंडर ०.२ लिटरचा असेल तर १०० वरून २०० बारवर नेण्यासाठी २० लिटर मोकळी हवा लागते. २०० बारच्या १० लिटरी डायव्हिंग सिलिंडरचा दाब दर भरणीला सुमारे २ बारने उतरतो. दहा भरण्यांनंतर तो १८० च्या आसपास येतो आणि त्यानंतर रायफलीतही तेवढाच दाब जातो. रेग्युलेटर असेल तर फक्त छर्रे थोडे कमी मिळतात, नसेल तर वरचा १८०-११० चा पट्टा जेमतेम साधतो. ३०० बारचा सिलिंडर घेतला तर हा प्रश्न सुटतो, पण रायफलीची मर्यादा बऱ्याचदा २०० बारचीच असते. व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा, नजर गेजवर ठेवा आणि आकडा येताच बंद करा. सिलिंडरवर कोरलेली चाचणीची तारीख आणि मॅच सिलिंडरवरची वापराची मुदत दोन्ही विकत घेतानाच वाचा. जुनी पीसीपी स्वस्त मिळते, कारण बऱ्याचदा तिच्या सिलिंडरची मुदत संपत आलेली असते. नव्या सिलिंडरची किंमत धरून मगच भाव करा.