स्टेट ट्रान्झिशन मॅट्रिक्स काढताना या चुका टाळा (आणि Φ(0) = I वर भाळू नका)

स्टेट ट्रान्झिशन मॅट्रिक्स Φ(t) म्हणजे सुरुवातीच्या स्टेटला गुणला की t वेळेनंतरची स्टेट देणारा मॅट्रिक्स. त्याचं गणित तपासायला घेतलं की दहातल्या आठ वह्यांत शेवटची ओळ तीच असते: "t = 0 ठेवल्यावर Φ = I येतो, म्हणून उत्तर बरोबर." आणि त्यापुढे ठसठशीत टिकमार्क. त्या आठांतल्या निदान तीन वह्यांत उत्तर चुकलेलं असतं. हे वर्षानुवर्षं बघून मी आता वैतागलोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

एकच उदाहरण घेऊ, नेहमीचंच. एक गाडी, वस्तुमान १, स्प्रिंगचा स्थिरांक २, डॅम्पिंग ३. पहिली स्टेट म्हणजे जागा, दुसरी म्हणजे वेग. स्टेटच्या बदलाचा दर म्हणजे A गुणिले स्टेट, आणि Φ म्हणजे e^At.

```
A = [ 0   1 ]      sI - A = [ s    -1  ]
    [-2  -3 ]               [ 2   s+3  ]
```

डिटरमिनंट s² + 3s + 2, म्हणजे (s+1)(s+2). आयगेनव्हॅल्यू −१ आणि −२. sI − A चा इन्व्हर्स काढून त्याचा इन्व्हर्स लाप्लास घेतला की येणारं बरोबर उत्तर हे:

```
Φ(t) = [  2e^-t - e^-2t      e^-t -  e^-2t ]
       [ -2e^-t + 2e^-2t    -e^-t + 2e^-2t ]
```

कोफॅक्टर काढले, ट्रान्सपोज विसरला

ही माझी लाडकी चूक, कारण ती मी स्वतः केलेली आहे. इन्व्हर्स काढताना कोफॅक्टरचा मॅट्रिक्स ट्रान्सपोज करायचा असतो हे सगळ्यांना पाठ असतं, आणि घाईत नेमकं तेच राहतं. मग तिरपे दोन घटक अदलाबदल होऊन बसतात: वर उजवीकडे −2 आणि खाली डावीकडे 1. पुढची इन्व्हर्स लाप्लास अगदी बिनचूक केली तरी हाती येतो तो Φ चा ट्रान्सपोज.

आता गंमत बघा. या चुकीच्या उत्तरात t = 0 ठेवा, I मिळतो. डिटरमिनंट बरोबर, ट्रेस बरोबर, आयगेनव्हॅल्यू त्याच. सिस्टिम स्टेबल होती, स्टेबलच दिसते. ज्या ज्या तपासण्या लोक करतात, त्या सगळ्यांतून हा चोर राजरोस बाहेर पडतो.

मी तेव्हा याच गाडीचं सिम्युलेशन करत होतो. सुरुवातीची जागा शून्य, वेग १. वेगाचा आलेख हातानं काढलेल्या उत्तराशी रेघेला रेघ जुळत होता. जागेचा आलेख मात्र उलटा: गाडीला पुढे ढकललंय आणि ती मागे चाललीय. मला वाटलं, कुठेतरी चिन्ह चुकलं असेल. जागेपुढे एक उणे लावला. आता दिशा बरोबर आली, पण कमाल सरकणं ०.५ दिसत होतं, आणि असायला हवं होतं ०.२५. मग मी काय करावं? ½ नं गुणलं! आलेख इतका चपखल बसला की "स्केलिंग फॅक्टर" असं भारदस्त नाव देऊन तो −½ प्रोग्रॅममध्ये ठेवूनही दिला.

आठवड्यानं सुरुवातीची जागा १ आणि वेग शून्य देऊन तोच प्रोग्रॅम चालवला, तर गाडी सुरूच झाली −०.५ पासून. तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. वरच्या Φ मध्ये बघा, खाली डावीकडचा घटक वर उजवीकडच्याच्या बरोबर −२ पट आहे. ट्रान्सपोजमुळे माझी जागा −२ पट येत होती, आणि मी तिला −½ नं गुणून "दुरुस्त" करत होतो. वेगाचा घटक कर्णावरचा, त्याला ट्रान्सपोजचा धक्काच लागत नाही, म्हणून तो पहिल्या दिवसापासून निर्दोष दिसत होता. उत्तर जुळेना म्हणून जुळवणारा आकडा शोधणं ही फार वाईट खोड आहे. मी ती तेव्हा सोडली, पण नवीन मंडळींत रोज बघतो.

तेव्हापासून माझी सवय अशी. Φ(0) = I तर बघायचंच, पण खरी परीक्षा पुढची: Φ चं डेरिव्हेटिव्ह घेऊन t = 0 ठेवायचं. तिथे A जसाच्या तसा परत मिळायला हवा, घटकाला घटक. आपल्या उत्तरात वर उजवीकडे −e^-t + 2e^-2t होतं, शून्याला ते १ येतं. खाली डावीकडे 2e^-t − 4e^-2t, म्हणजे −२. A शी जुळलं. ट्रान्सपोज झालेलं असतं तर हे दोन आकडे जागा बदलून आले असते आणि तिथेच पकडले गेले असते. दीड मिनिटाचं काम आहे.

लाप्लासच्या वाटेनं जाणाऱ्यांना तर इन्व्हर्स ट्रान्सफॉर्म घ्यायच्या आधीच हे दिसू शकतं. s खूप मोठा असताना (sI − A)^-1 हा I/s + A/s² सारखा वागतो. म्हणून दोन बाय दोनच्या गणितात अ‍ॅडजॉइंटचे तिरपे घटक म्हणजे A चेच तिरपे घटक, त्याच जागी आणि त्याच चिन्हानं. आपल्याकडे 1 आणि −2. मी अ‍ॅडजॉइंट लिहिला की आधी A शेजारी धरून हे दोन आकडे बघतो, मगच पार्शल फ्रॅक्शनला हात लावतो. तीन बाय तीनमध्ये तिरप्या घटकांतला s चा सहगुणक तसाच बघायचा.

आयगेनव्हेक्टर आणि आयगेनव्हॅल्यूंचा क्रम

दुसरी वाट आयगेनव्हेक्टरची: P च्या स्तंभांत A चे आयगेनव्हेक्टर, Λ च्या कर्णावर आयगेनव्हॅल्यू, आणि Φ = P e^Λt P^-1. P मध्ये पहिला स्तंभ −१ चा लिहिला असेल तर Λ मध्येही पहिली −१ च हवी. क्रम उलटला तरी Φ(0) = I येतोच, कारण तिथे P आणि P^-1 एकमेकांना खाऊन टाकतात. P^-1 आधी आणि P नंतर लिहिणाऱ्यांचीही तीच गत. दोन्ही चुका डेरिव्हेटिव्हच्या तपासणीत उघड्या पडतात. उलट्या क्रमानं मी करून पाहिलं तर A ऐवजी हे आलं:

```
[ -3  -1 ]
[  2   0 ]
```

ट्रेस −३, डिटरमिनंट २, म्हणजे वरवर पाहणाऱ्याला इथेही संशय येणार नाही.

आयगेनव्हॅल्यू दोनदा आली की शॉर्टकट मारणं

आता त्याच गाडीची स्प्रिंग १ आणि डॅम्पिंग २ करा.

```
A = [ 0   1 ]
    [-1  -2 ]
```

आयगेनव्हॅल्यू −१, दोनदा. इथे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: "सर, Λ म्हणजे −I, मग P आणि P^-1 कटतात, Φ = e^-t I. झालं!" ऐकायला छान वाटतं. पण बाळा, कटायला P^-1 असावा तर लागतो ना! या मॅट्रिक्सला आयगेनव्हेक्टर एकाच दिशेचा मिळतो, [1, −1]. तोच दोनदा लिहून P बनवला तर त्याचं डिटरमिनंट शून्य. P^-1 नाहीच, तर कटणार काय?

गणित बाजूला ठेवून गाडीकडे बघितलं तरी हे उत्तर टिकत नाही. Φ = e^-t I म्हणजे जागेचा वेगाशी काही संबंध नाही. शून्यावर उभ्या गाडीला ढकललं, तिला वेग आहे, तरी ती जागची हलत नाही! आणि हो, Φ(0) = I इथेही येतो. डेरिव्हेटिव्ह मात्र −I येतं, A येत नाही.

अशा वेळी मी जनरलाइज्ड आयगेनव्हेक्टरच्या भानगडीत पडत नाही. दोन बाय दोनमध्ये आयगेनव्हॅल्यू λ दोनदा आली, की (A − λI) चा वर्ग शून्य असतोच, त्यामुळे e^-λt Φ ची, म्हणजे (A − λI)t च्या एक्स्पोनेन्शियलची, मालिका दुसऱ्याच पदाला संपते:

```
A + I = [ 1   1 ]
        [-1  -1 ]

Φ(t) = e^-t ( I + (A + I) t )
     = e^-t [ 1+t    t  ]
            [ -t    1-t ]
```

बस, एवढंच. (A − λI) मुळातच शून्य निघाला, म्हणजे A = λI असेल, तर t चं पद आपोआप जातं. तेव्हाच काय तो वरचा शॉर्टकट खरा ठरतो. "दोनदा आली म्हणजे te^-t असणारच" असं पाठ करून ठेवणारे तिथे उलट बाजूनं आपटतात.

लाप्लासनं करणार असाल तर पार्शल फ्रॅक्शन सांभाळा. पहिला घटक (s+2)/(s+1)² आहे. झाकून काढायची रीत इथे फक्त वर्गाच्या पदाचा सहगुणक देते, तो १. त्यावर खूश होऊन te^-t लिहून मोकळं व्हायचं नाही. अंश (s+1) + 1 असा फोडून लिहा, 1/(s+1) आणि 1/(s+1)² दोन्ही समोर दिसतात आणि e^-t(1+t) सरळ मिळतं.

किरकोळ, पण रोजच्या

सुरुवात t₀ पासून असेल तर Φ मध्ये t − t₀ घाला.

आयगेनव्हॅल्यू कॉम्प्लेक्स असतील तर शेवटी j उरता कामा नये. उरला तर कॉन्ज्युगेट जोडी कुठेतरी तुटली आहे.

A स्वतःच वेळेनुसार बदलत असेल तर यातली कुठलीच रीत लावू नका. लाप्लास तर नाहीच. A च्या इंटिग्रलचं एक्स्पोनेन्शियलही A आणि ते इंटिग्रल यांचा गुणाकार कुठल्याही क्रमानं सारखाच येत असेल, तरच चालतं.

आणि कॉम्प्युटरवर उत्तर पडताळताना exp आणि expm यांतला फरक ध्यानात ठेवा. पहिल्या गाडीचा A घेऊन ०.१ सेकंदाला बघा:

```
import numpy as np
from scipy.linalg import expm
A = np.array([[0, 1], [-2, -3]])
print(np.exp(A*0.1))   # 1.0000 1.1052 / 0.8187 0.7408
print(expm(A*0.1))     # 0.9909 0.0861 / -0.1722 0.7326
```

पहिली ओळ प्रत्येक घटकाचं वेगवेगळं एक्स्पोनेन्शियल घेते, ज्याचा Φ शी काही संबंध नाही. पण कर्णावरचे आकडे बघा, १.०० आणि ०.७४, खऱ्या ०.९९ आणि ०.७३ च्या अगदी शेजारी. नुसता कर्ण बघून "राउंडिंगचा फरक असेल" म्हणणारे मला भेटलेत. इथे मात्र Φ(0) = I ची तपासणी एकदाची कामाला येते: np.exp मध्ये t = 0 ठेवलं की चारही घटक १ येतात.