वीस सोसायट्या, चारशे घरे आणि फसलेला अंदाज

ठाण्यातील घरगुती पाणीवापराच्या सर्वेक्षणात मी पहिल्यांदा नमुना निवडला, तेव्हा चारशे घरे घेतली की अंदाजातील चूक साधारण पाच टक्क्यांच्या आत राहते, एवढेच मला माहीत होते. हा हिशेब साध्या यादृच्छिक नमुन्याचा आहे आणि त्यासाठी शहरातील सर्व घरांची यादी लागते. आमच्याकडे फक्त सोसायट्यांची यादी होती. म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकून वीस सोसायट्या काढल्या आणि प्रत्येकीतून वीस घरे घेतली, म्हणजेच समूह नमुना निवडला.

उन्हाळ्यात टँकरचे पाणी घ्यावे लागले का, या प्रश्नाची उत्तरे लावताना अडचण उघड झाली. टँकर सोसायटीच्या टाकीत रिकामा होतो, त्यामुळे एका सोसायटीतील वीसही घरांचे उत्तर एकच होते. कागदावर चारशे उत्तरे असली, तरी खरी माहिती वीस सोसायट्यांचीच होती आणि निम्म्या घरांना टँकर लागतो असे धरले, तर चूक पाच नव्हे, बावीस टक्क्यांपर्यंत जात होती. याच नमुन्यात घरात माणसे किती, हा प्रश्न मात्र फारसा बिघडला नाही, कारण शेजाऱ्यांची कुटुंबे लहानमोठी असतात.

हा फरक मोजायचे सूत्र सोपे आहे:

```
deff = 1 + (m - 1) * rho
```

येथे m म्हणजे एका समूहातील घरे आणि rho म्हणजे त्यांच्या उत्तरांतील साम्य. एकूण घरांना deff ने भागले की तो नमुना किती स्वतंत्र घरांच्या तोडीचा आहे ते कळते. साम्य 0.05 असेल तर deff 1.95 येतो आणि चारशे घरे सुमारे 205 घरांएवढी ठरतात. साम्य 1 असेल तर ती वीसच उरतात. तीच चारशे घरे ऐंशी सोसायट्यांतून पाच-पाच घेतली असती, तर हे आकडे अनुक्रमे 333 आणि 80 झाले असते. फिरण्याचा खर्च वाढला असता, पण तो मला आजही रास्त वाटतो. प्रत्येक समूहात शहरासारखीच सरमिसळ असती, तर समूह नमुन्याने नुकसान झालेच नसते. सोसायट्यांत ती क्वचितच आढळते.

स्तरित नमुन्याची गरज याच्या नेमकी उलट आहे: स्तराच्या आत सारखेपणा हवा आणि स्तरास्तरांत फरक. घोडबंदर रस्त्यावरचे टॉवर, नौपाड्यातील जुन्या इमारती आणि वागळे इस्टेटमधील चाळी असे स्तर करून प्रत्येकातून घरांच्या प्रमाणात नमुना घेतला, की स्तरांमधील फरक चूक मोजण्याच्या हिशेबातून वगळला जातो. उत्तरांतील एकूण चढउताराचा, म्हणजे विचरणाचा, निम्मा भाग स्तरांमधील फरकाचा असेल, तर थेट घरे निवडलेला चारशेचा स्तरित नमुना आठशे घरांच्या साध्या नमुन्याइतका अचूक ठरतो. हेच स्तर मजल्यानुसार केले असते, तर टँकरच्या प्रश्नाला फारसा लाभ झाला नसता. प्रत्येक स्तरातून सारखीच घरे घेतली असतील, तर विश्लेषणात भारांक देणे विसरू नये. नाहीतर लहान स्तराचे मत फुगते.

पुढच्या फेरीत आम्ही आधी स्तर केले आणि प्रत्येक स्तरातून अधिक सोसायट्या, पण थोडी घरे घेतली. एका स्तरातून किमान दोन सोसायट्या घ्याव्यात, कारण एकाच सोसायटीवरून त्या स्तरातील चूक मोजता येत नाही.