इंग्रजी प्रबंधात ‘आय’ कुठे लिहायचा आणि ‘वी’ कुठे टाळायचा

इथे परदेशात पीएचडी किंवा मास्टर्ससाठी नवीन आलेले आपले विद्यार्थी मसुदे वाचायला माझ्याकडे पाठवतात. व्याकरण बहुतेकांचं चांगलं असतं. पण संशोधनपद्धतीच्या प्रकरणात काम करणारा माणूसच सापडत नाही. ‘मुलाखती घेण्यात आल्या’, ‘असे गृहीत धरण्यात आले’, ‘काही प्रतिसाद वगळण्याचा निर्णय घेण्यात आला’. प्रयोगवहीत अंगवळणी पडलेली वाक्यरचना तशीच इंग्रजीत उतरते. आणि ज्यांना कुणीतरी ‘इथे आय चालतो’ असं सांगितलेलं असतं, ते तो नेमका नको त्या ठिकाणी घालतात.

शैक्षणिक लेखनात प्रथमपुरुष चालत नाही, असा सगळीकडे लागू होणारा सरसकट नियम नाही. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा विषयांत चालणारी एपीए शैली तर स्पष्ट सांगते की स्वतःच्या कामाबद्दल एकट्या लेखकाने ‘आय’ लिहावं, सहलेखक असतील तर ‘वी’ लिहावं, आणि स्वतःलाच ‘प्रस्तुत संशोधक’ म्हणू नये. तुमच्या विभागाचा कल वेगळा असू शकतो. त्यासाठी विभागात अलीकडे मंजूर झालेले तीन-चार प्रबंध उघडून त्यांची पद्धतीची प्रकरणं वाचा. सीनियर काय म्हणतो यावर जाऊ नका. आपली बरीच मंडळी ‘आय’ला उद्धटपणा समजतात आणि तोच समज पुढच्या बॅचला देतात. इथला परीक्षक त्याच्याकडे जबाबदारी म्हणून बघतो, आणि माझ्या मते त्याचंच बरोबर आहे.

आता एक वाक्य जवळून पाहू. समजा, ऑनलाइन सर्वेक्षणाला २१२ प्रतिसाद आले आणि मसुद्यात लिहिलंय, ‘१९ प्रतिसाद वगळण्यात आले.’ व्याकरणात चूक काहीच नाही. पण परीक्षक इथे थांबतो, कारण हे यंत्राने आपोआप घडलेलं नाही. कुणीतरी कसोटी ठरवली. कुणी? आणि निकाल बघण्याआधी की नंतर? निकाल बघून वगळले असतील तर पुढचे सगळे आकडे संशयास्पद होतात. आता हे वाचा: ‘दोन मिनिटांच्या आत भरलेले १९ प्रतिसाद मी वगळले. ही मर्यादा मी विश्लेषण सुरू करण्यापूर्वी ठरवली होती, कारण चाचणी फेरीत प्रश्न नुसते वाचायलाच त्याहून जास्त वेळ लागत होता.’ ‘मी’ आल्याबरोबर ‘कधी’ आणि ‘का’ हेही लिहावं लागलं, बघा. कर्मणी प्रयोगात ते दोन्ही गळून पडले होते आणि लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

म्हणून प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारा: इथे दुसरा संशोधक असता, तर त्याने वेगळं काही केलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर तिथे निर्णय आहे आणि निर्णयाला कर्ता हवा. नमुना कसा निवडला, कोणता सिद्धान्त का घेतला, मुलाखतींचं कोडिंग कसं केलं, हे सगळं त्यात येतं. उत्तर ‘नाही’ असेल, तर कर्मणी प्रयोग खुशाल ठेवा. ‘द्रावण ६० अंशांवर तापवले’ यात तापवणारा कोण, याने काही फरक पडत नाही. तिथे ‘आय’ घातलात तर वाक्याचा रोख द्रावणाकडून तुमच्याकडे येतो, आणि पानभर ‘मी हे केलं, मग मी ते केलं’ असं रोजनिशीसारखं वाचत जावं लागतं.

निष्कर्षाच्या प्रकरणात मात्र उलटी गडबड होते. तिथे ‘आय फील’ आणि ‘आय बिलीव्ह’ येऊ लागतात. ‘मला वाटतं की घरून काम करणाऱ्यांना एकटेपणा जास्त जाणवतो’ असं लिहिलंत की हातातला पुरावा तुम्ही स्वतःच बाजूला सारलात. वाटणं कुणालाही वाटू शकतं. तिथे आकडेवारीलाच कर्ता करा: ‘घरून काम करणाऱ्यांच्या एकटेपणाचे गुण या नमुन्यात जास्त आले.’ खात्री कमी असेल तर ती ‘यावरून असे सूचित होते’ अशा शब्दांत दाखवा, भावनेच्या क्रियापदाने नको.

पण ‘आय आर्ग्यू’ हे निराळं आहे, त्याला घाबरू नका. एका परिच्छेदात तीन अभ्यासकांची मतं मांडून चौथ्या वाक्यात ‘असा युक्तिवाद केला जातो की’ असं लिहिलंत, तर तो युक्तिवाद तिसऱ्या अभ्यासकाचा की तुमचा, हे वाचणाऱ्याला कळत नाही. मग तुमची स्वतःची भर त्याच्या खात्यात जमा होते. जिथे तुम्ही इतरांपासून वेगळे होता, नेमकं तिथे ‘आय’ हवा. प्रकरणात अशा जागा दोन-तीनच असतात, पण परीक्षक त्याच शोधत असतो.

‘वी’चा त्रास जास्त महागात पडतो, म्हणून हे नीट वाचा. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीने गाइडबरोबर छापलेला लेख जवळजवळ जसाच्या तसा प्रबंधाचं प्रकरण म्हणून घातला. लेखातला ‘वी’ योग्यच होता, लेखक तिघं होते. प्रबंधावर नाव मात्र तिचं एकटीचं. व्हायव्हात परीक्षकांनी विचारलं की ही वर्गवारी कुणी तयार केली, संहिता कुणी कोड केल्या, प्रारूप कुणी उभारलं. बहुतेक काम तिचंच होतं, पण कागदावर तसं कुठेच नव्हतं. त्या प्रकरणात मोठ्या दुरुस्त्या लागल्या आणि पदवी लांबली. तुमच्यावर ही वेळ येऊ देऊ नका. सहलिखित लेख प्रबंधात येत असेल, तर प्रकरणाच्या सुरुवातीला कुणी काय केलं ते चार ओळींत लिहा आणि आत प्रत्येक टप्प्यावर कर्ता नेमका करा: ‘सगळ्या मुलाखती मी कोड केल्या. त्यातल्या दहा एका सहलेखिकेने स्वतंत्रपणे कोड केल्या. जिथे आमचं जुळलं नाही, तिथे चर्चा करून ठरवलं.’ इथे ‘आमचं’ म्हणजे नेमके कोण, याबद्दल शंका राहत नाही.

एकट्याने लिहिताना भारदस्त वाटावं म्हणून ‘वी’ लिहिण्याची खोड जुनी आहे. १९७५ मध्ये हेदरिंग्टन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याचा लेख ‘वी’ वापरून टाइप केला होता. नियतकालिक हे मान्य करणार नाही असं सहकाऱ्याने सांगितल्यावर, पुन्हा टाइप करणं टाळण्यासाठी त्याने आपल्या मांजराचं नाव सहलेखक म्हणून घातलं आणि लेख तसाच छापून आला. गणितात मात्र एकटा लेखकही ‘वी’ लिहितो. तिथे तो वाचकाला बरोबर घेऊन सिद्धतेची पुढची पायरी चढत असतो, त्याला कुणी हरकत घेत नाही.

आपल्याला मराठीची इथे सोय आहे. मसुद्यात Ctrl+F ने we हा स्वतंत्र शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी ‘आम्ही’ की ‘आपण’ ते विचारा. ‘आम्ही’ असेल, तर त्यातली माणसं नावानिशी सांगता आली पाहिजेत, नाहीतर तो ‘आय’ करा. ‘आपण’ असेल, तर वाचक खरंच बरोबर आहे का ते बघा. ‘आकृतीत आपण पाहतो’ ठीक आहे. ‘समाजमाध्यमांनी एकाग्रता घटवली हे आपण जाणतोच’ मात्र काढून टाका. वाचकाने हे मान्य केलेलं नाही, आणि अशा ‘आपण’च्या मागे बहुतेक वेळा न दिलेला संदर्भ लपलेला असतो.

लेखकाचं नाव झाकून तपासणी करणाऱ्या नियतकालिकाकडे लेख पाठवताना हाच शोध our साठी आणि my साठीही घ्या. ‘आमच्या आधीच्या अभ्यासात’ असं लिहून पुढे संदर्भ दिलात की नाव उघड झालं. स्वतःच्या जुन्या लेखाचा उल्लेखही तिथे दुसऱ्या कुणाच्या लेखासारखा तृतीयपुरुषात करा, आणि लेख स्वीकारला गेल्यावर संपादकांना विचारून तो बदला.