माहिती अधिकाराच्या पत्रव्यवहाराची नोंदवही ठेवताना या चुका टाळा

माहिती अधिकाराचे प्रकरण अर्जापासून द्वितीय अपिलापर्यंत गेले की वर्ष सहज उलटते, आणि तोवर कोणते पत्र कधी गेले हे केवळ फाइल चाळून सांगता येत नाही. त्यासाठी वही ठेवणारेही एक चूक हमखास करतात : प्रत्येक पत्रापुढे ते ‘दिनांक’ असा एकच रकाना आखतात. वास्तविक पत्रावरची तारीख, ते रवाना झाल्याची तारीख आणि पोहोचल्याची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची हे त्यांच्यातील फरकावर ठरते.

समजा, आपण ५ मार्चला महापालिकेच्या आवक विभागात अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. तीस दिवस ४ एप्रिलला संपतात. मध्येच जन माहिती अधिकाऱ्यांचे पत्र येते, की चौसष्ट पानांच्या प्रतींसाठी पानाला दोन रुपयांप्रमाणे १२८ रुपये भरावेत. पत्रावर तारीख २० मार्चची असली, तरी ते टपालात २६ मार्चला पडल्याचे पाकिटावरील शिक्का सांगतो. आपण २ एप्रिलला रक्कम भरली, तर पत्र पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचा काळ वगळला जातो. म्हणून सात दिवस वाढून मुदत ११ एप्रिलला संपते. वहीत फक्त २० मार्च लिहिले आणि पाकीट टाकून दिले, तर हा हिशेब चुकतो आणि तो सिद्धही करता येत नाही. पाकीट पत्राला टाचून ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी चूक अधिक महागात पडते. उत्तर आले नाही की लोक स्मरणपत्रे पाठवत राहतात आणि वहीत तेवढ्याच नोंदी वाढत जातात. स्मरणपत्राने अपिलाची मुदत वाढत नाही. वरच्या उदाहरणात प्रथम अपील ११ मेपर्यंत करायला हवे; उशिराचे अपील सबळ कारण पटल्यासच दाखल होते. म्हणून ‘उत्तर अपेक्षित’ या रकान्याशेजारी ‘उत्तर न आल्यास काय करायचे आणि कधीपर्यंत’ असा रकाना पत्र देतानाच भरावा.

प्रथम अपील १५ एप्रिलला दिले, तर निर्णयाचे तीस दिवस १५ मेला संपतात. कारणे नोंदवून अपिलीय अधिकारी पंचेचाळीस दिवसांपर्यंत, म्हणजे ३० मेपर्यंत, वेळ घेऊ शकतात. द्वितीय अपिलाचे नव्वद दिवस मात्र मी १५ मेपासूनच मोजून १३ ऑगस्ट ही तारीख लिहीन, म्हणजे कोणत्या दिवसापासून मोजायचे हा वाद आयोगापुढे उद्भवत नाही. त्याआधी निर्णय हाती आला, तर जुनी तारीख खोडून टाकू नये. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी नवी तारीख आणि निर्णयाचा जावक क्रमांक लिहावा.