प्रमुख पाहुण्यांसाठी चार ओळींची चारोळी

तयार स्वागत-चारोळ्यांत 'शब्दसुमने' आणि 'सुवर्णक्षण' इतके असतात की पाहुणे कोण, ते कळतच नाही. त्याऐवजी पाहुण्यांच्या कामातला एकच तपशील घ्या आणि तो अष्टाक्षरीत बसवा. म्हणजे प्रत्येक ओळीत आठ अक्षरे. जोडाक्षर एकच धरायचे. यमक दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत पुरते.

समजा, कोथरूडच्या सोसायटीत वेताळ टेकडीवरच्या झाडांची ओळख करून देणाऱ्या बाई येणार आहेत:

टेकडीच्या वाटेवर
झाडे ज्यांना ओळखती,
पाहुण्या त्या आल्या दारी,
देऊ रोप त्यांच्या हाती!

पाहुणे पुरुष असतील तर तिसरी ओळ 'पाहुणे ते आले दारी'. अक्षरे तेवढीच राहतात.

नाव मात्र चारोळीत कोंबू नका. 'कुलकर्णी' चार अक्षरे खाते आणि चाल मोडते. नाव आणि परिचय आधी गद्यात सांगा, मग चारोळी म्हणा. शेवटची ओळ सत्कारावरच संपवा, म्हणजे रोप घेऊन उभ्या असलेल्या काकूंना पुढे कधी यायचे ते आपोआप कळते. शाल-श्रीफळ असेल तर 'शाल-श्रीफळ घ्या हाती' हीसुद्धा आठच अक्षरे.

आदल्या दिवशी मोठ्याने म्हणून पाहा. जीभ जिथे अडखळते तिथे बहुधा एक अक्षर कमी किंवा जास्त असते.